दुरेघी वहीची घाई

साडेचार वर्षांचे मूल दुरेघी वहीत ‘क’ची ओळ काढत असताना त्याच्या शेजारी बसून नीट पाहावे. पहिली दोन-तीन अक्षरे ते एकेक करून पूर्ण करते. मग हात दमतो आणि मूल आपल्या परीने काम सोपे करून घेते: आधी ओळभर उभ्या दांड्या, मग मागे येऊन प्रत्येक दांडीला डावीकडे गोल पोट, त्यानंतर उजवीकडे शेपटी आणि शेवटी सगळ्या अक्षरांवरून एका दमात ओढलेली शिरोरेषा. पान भरते, त्यावर शेरा मिळतो, घरी कौतुक होते. परंतु त्या अर्ध्या तासात ‘क’ या ध्वनीशी मुलाचा एकदाही संबंध आलेला नसतो. दांड्या, पोटे आणि शेपट्या यांच्यापलीकडे त्या ओळीत त्याच्यासाठी काहीही नसते. बालवाडीच्या शिक्षिकांच्या प्रशिक्षणासाठी मी वर्गावर्गांतून हिंडत असे तेव्हा अशा मुलांना “काय लिहिलंस?” असे विचारले की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळे: “होमवर्क.”

तीन ते सहा या वयात अक्षरे गिरवून घेण्याची आपली पद्धत निरुपयोगी आहे, एवढेच मला म्हणायचे नाही. ती अपाय करते, आणि तो अपाय बालवाडीत दिसत नाही, दुसरी-तिसरीत दिसतो, असे माझे म्हणणे आहे. बालवाडीत तर उलट ही पद्धत यशस्वी झाल्यासारखी वाटते, आणि म्हणूनच ती इतकी चिवट आहे.

प्रथम हाताचा विचार करू. मूल एखादी आकृती पाहून स्वतः कधी काढू शकते, याचा एक ढोबळ क्रम बालविकासाच्या अभ्यासकांनी पुष्कळ मुलांच्या निरीक्षणातून ठरवलेला आहे. तिसऱ्या वर्षाच्या आसपास उभी-आडवी रेघ आणि वर्तुळ, चौथ्या वर्षाच्या सुमारास अधिकचे चिन्ह, साडेचारला चौकोन, पाचच्या आसपास तिरक्या रेघांची फुली, पाच वर्षे उलटल्यावर त्रिकोण, आणि शंकरपाळ्याचा आकार तर सात-आठ वर्षांपर्यंत नीट जमत नाही. मुलागणिक यात काही महिन्यांचा फरक पडतो, पण क्रम सहसा मोडत नाही. आता वर्णमालेतले पहिले अक्षर ‘अ’ पाहावे. एकाखाली एक दोन अर्धगोल, त्यांना जोडणारी मधली आडवी रेघ, मग उभी दांडी आणि वर शिरोरेषा. हात चार वेळा दिशा बदलतो. ज्या मुलाला अजून चौकोनाचे कोपरे साधत नाहीत, त्याच्या हाती आपण पहिल्याच दिवशी हा आकार देतो, कारण तो वर्णमालेत पहिला आहे. (आकारसाम्यावरून ‘ग म भ न’ने सुरुवात करण्याची आपल्याकडची जुनी रीत हाताच्या दृष्टीने कितीतरी शहाणपणाची होती.)

न पेलणारे काम मुलाला करावेच लागले, तर मूल ते कसेतरी करते. पेन्सिल मुठीत धरते, कागद फाटेल इतका जोर देते, रेघ खालून वर ओढते, गोल उलट्या दिशेने फिरवते. पान भरलेले असल्यामुळे हे कोणाच्या लक्षात येत नाही. तीच वळणे रोज दहा ओळी गिरवून पक्की होतात, आणि तिसरीत उताऱ्याचे लेखन सुरू झाले की हे मूल सर्वांच्या मागे पडते, त्याची बोटे दुखतात, आणि ‘याला लिहायचा कंटाळा आहे’ असा शिक्का त्याच्यावर बसतो. अक्षर सुधारण्याच्या वर्गांत आठ-नऊ वर्षांची मुले जी सवय मोडण्यासाठी झगडत असतात, ती अनेकदा शिशुवर्गातल्या वहीनेच लावलेली असते.

कानाची गोष्ट याहून नाजूक आहे. वाचायला शिकण्यासाठी मुलाला बोललेल्या शब्दाचे तुकडे ऐकू यावे लागतात. ‘मगर’ आणि ‘मका’ यांची सुरुवात सारखी आहे, हे कानाला कळावे लागते. त्यासाठी बालवाडीत टाळ्यांचा खेळ घेतात: एका तुकड्याला एक टाळी. एका वर्गात पाच वर्षांच्या मुलीने ‘कमळ’साठी दोन टाळ्या वाजवल्या, ‘क’ आणि ‘मळ’. शिक्षिकेने तिला थांबवले आणि फळ्यावर तीन अक्षरे दाखवून तीन टाळ्या वाजवायला लावल्या. मुलगी गोंधळली, कारण तिचे काहीच चुकले नव्हते. आपण बोलताना ‘कमळ’मधला शेवटचा अकार उच्चारत नाही, कानाला तिथे दोनच तुकडे ऐकू येतात. तीन अक्षरे कागदावर असतात, तोंडात नसतात. त्या मुलीचा कान अचूक होता, आणि लिपीच्या घाईने तिला शिकवले की स्वतःच्या कानावर विश्वास ठेवू नये.

जे मूल वर्ष-दोन वर्षे असे ध्वनींचे खेळ खेळले आहे, शब्दांची टोके पकडून भेंड्या खेळले आहे, त्याला सहाव्या वर्षी ‘बोलताना आपण दोन तुकडे म्हणतो, लिहिताना मात्र तीन चिन्हे काढतो’ हे सांगता येते आणि त्याला ते गमतीचे वाटते. ज्याच्या कानाची तयारीच झालेली नाही, त्याच्यापुढे एकच मार्ग उरतो: पाठ करणे. म्हणून शिशुवर्गातली मुले बाराखडी सुरात म्हणतात, आणि आपण समजतो की त्यांना ती येते. ओळीतला एकटा ‘मु’ बोटाने दाखवून विचारावे. मूल ‘म’पासून सुरुवात करते, ‘म मा मि मी मु’ असे मनात म्हणत तिथवर चालत येते आणि मग उत्तर देते, किंवा वाटेत चुकते. हे वाचन नव्हे. सुरात म्हणणे आणि चिन्ह ओळखणे यांतला फरक ओळखण्याची याहून सोपी कसोटी मला माहीत नाही, आणि ती कोणत्याही पालकाला घरी दोन मिनिटांत घेता येते.

आपल्या लिपीच्या संदर्भात या घाईचा फोलपणा विशेष स्पष्ट होतो. इंग्रजीत सव्वीस अक्षरे आहेत. मराठीत क ते ळ ही चौतीस व्यंजने बारा स्वरचिन्हांसह मोजली तरी ४०८ चिन्हे होतात. जोडाक्षरे आणि रफार वेगळेच. त्यातही ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे बसते, म्हणजे डोळ्याला आधी दिसते आणि कानाला नंतर ऐकू येते. लिपी नियमबद्ध आहे, हे तिचे मोठेच बळ आहे. पण हे नियम मुलाच्या अंगी मुरायला वेळ लागतो. कन्नड ही अशाच घडणीची लिपी. त्या लिपीत वाचायला शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास सोनाली नाग यांनी २००७ साली प्रसिद्ध केला, आणि त्यात असे दिसले की अक्षरसंचावर पकड येण्याची प्रक्रिया प्राथमिक शाळेची पहिली चार वर्षे चालूच राहते. ज्या प्रवासाला मुळातच चार-पाच वर्षे लागणार आहेत, त्यात चौथ्या वर्षी ‘अ ते ज्ञ’ गिरवून घेतल्याने किती अंतर वाचते? माझ्या पाहण्यात तरी काहीच वाचत नाही. पहिलीच्या दिवाळीपर्यंत, न गिरवलेले पण भरपूर बोललेले आणि खेळलेले मूल बरोबरीला येते.

हे केवळ माझ्या पाहण्यावर सोडण्याचे कारण नाही. न्यूझीलंडमध्ये मुले साधारणपणे पाचव्या वर्षी शाळेत वाचन शिकू लागतात. तिथल्याच काही वेगळ्या पद्धतीच्या शाळांत मात्र ते सातव्या वर्षी सुरू होते. ओटॅगो विद्यापीठातील संशोधकांनी या दोन्ही गटांची तुलना केली तेव्हा सुमारे अकराव्या वर्षी वाचनाच्या ओघात फरक उरलेला नव्हता, आणि समजून वाचण्यात उशिरा सुरुवात केलेली मुले किंचित पुढेच होती. या निष्कर्षाला मर्यादा आहेत. अशा शाळा निवडणारे पालक वेगळ्या घडणीचे असू शकतात, आणि ती मुले सात वर्षांपर्यंत रिकामी बसलेली नव्हती. गोष्टी, गाणी, नाटुकली आणि हातकाम यांनी त्यांचा दिवस भरलेला होता. माझ्या मते ही दुसरी मर्यादा नसून मूळ मुद्दाच आहे.

अमेरिकेतील टेनेसी राज्याचा अनुभव अधिक अस्वस्थ करणारा आहे. गरीब कुटुंबांतील चार वर्षांच्या मुलांसाठी तिथे सरकारी पूर्वप्राथमिक वर्ग चालवले जातात, आणि जिथे जागांपेक्षा अर्ज अधिक आले तिथे चिठ्ठ्या टाकून प्रवेश देण्यात आले. त्यामुळे प्रवेश मिळालेली आणि न मिळालेली अशी सुमारे तीन हजार मुले तुलनेसाठी उपलब्ध झाली, आणि मार्क लिप्सी, डेल फॅरन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे त्यांचा मागोवा घेतला. वर्षाच्या शेवटी वर्गात गेलेली मुले पुढे होती. पुढच्याच वर्षी इतरांनी त्यांना गाठले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहावीत पोहोचेपर्यंत वर्गात गेलेली मुले वाचन, गणित आणि विज्ञान या तिन्हींत मागे होती आणि त्यांच्याविषयी शिस्तभंगाच्या नोंदीही अधिक होत्या. अक्षरांच्या कवायतीनेच हे घडले, असे हा अभ्यास सिद्ध करत नाही. न गेलेली मुले खेळशाळेत होती असेही नाही. परंतु त्या वर्गांचे निरीक्षण केलेल्या फॅरन यांनी कारणांचा विचार करताना बोट ठेवले ते सर्व मुलांना एकत्र बसवून दिल्या जाणाऱ्या शिक्षणावर, मोठ्यांच्या सततच्या नियंत्रणावर आणि मुलांच्या स्वतःच्या खेळाला उरलेल्या अपुऱ्या वेळावर. आपल्याकडच्या शिशुवर्गाचे वर्णन करायला याहून वेगळे शब्द लागणार नाहीत.

आणि आपल्याकडचाही पुरावा आहे. आंबेडकर विद्यापीठ, दिल्ली आणि असर केंद्र यांनी आसाम, राजस्थान आणि तेलंगणातील सुमारे चौदा हजार मुलांचा चार ते आठ या वयात मागोवा घेऊन २०१७ साली अहवाल दिला. बालवाड्या, विशेषतः खासगी, म्हणजे पहिलीचाच वर्ग खाली ओढून आणलेला, असे त्यांना आढळले, आणि पाचव्या वर्षी शाळेसाठी लागणारी तयारी बहुसंख्य मुलांत नव्हती. ज्या थोड्या ठिकाणी वयाला साजेसे, योजून घेतलेले खेळ होते, तिथे ही तयारी अधिक चांगली दिसली.

इथे ‘योजून घेतलेले’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण ‘खेळातून शिक्षण’ म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे मोकाट सोडलेली मुले आणि खुर्चीवर बसलेली शिक्षिका येते. प्रत्यक्षात हे काम फळ्यावर ‘क’ काढून देण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. एका बालवाडीत तीन आठवडे चाललेला दुकानाचा खेळ सांगतो. ताईंनी कोपऱ्यात रिकामी खोकी, करवंट्यांचा तराजू आणि पैसे म्हणून चिंचोके ठेवले. पहिले दोन दिवस त्या फक्त पाहत राहिल्या. मुले एकमेकांना भराभर सगळेच विकत होती. तिसऱ्या दिवशी त्या गिऱ्हाईक होऊन आल्या आणि म्हणाल्या, “मला घरून चार वस्तू सांगितल्यात, पण माझ्या लक्षात राहत नाहीत. कुणीतरी मांडून द्याल का?” एका मुलाने कागदावर वांगे काढले, मिठासाठी ठिपके काढले, तेलासाठी बाटली काढली. ही त्याची पहिली यादी, आणि बोललेले कागदावर राहते ही लेखनाची मूळ कल्पना त्याच्या हाती त्या दिवशी लागली. पुढल्या आठवड्यात ताईंनी डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या: मीठ, मूग, मका, मसाला. कोणी वाचायला सांगितले नव्हते. चौथ्या दिवशी एका मुलीने विचारले, “सगळ्यांना हेच का आहे?” आणि चारही चिठ्ठ्यांवरच्या ‘म’वर बोट ठेवले. ताईंनी त्या वेळी चारही शब्द सावकाश म्हणून दाखवले, बाकी काही केले नाही. तिसऱ्या आठवड्यात त्या मुलीने आणि आणखी सहा-सात मुलांनी आपापल्या याद्यांत ‘म’ काढला, कोणाचा आडवा, कोणाचा उलटा, पण तो ‘म’च होता आणि कशासाठी काढला हे प्रत्येकाला सांगता येत होते.

हा खेळ बिघडतोही, आणि दोन्ही बाजूंनी बिघडतो. ताई दुकानात येऊन “साखर कोणत्या रंगाची? मोजून दाखव बरं किती डबे?” असे विचारू लागल्या की मुलांना परीक्षेचा वास येतो आणि खेळ विझतो. उलट ताई फिरकल्याच नाहीत तर दोन दांडगी मुले दुकान बळकावतात आणि तिसऱ्या आठवड्यातही पहिल्या दिवसाचाच खेळ चालू राहतो. खेळ पुढे सरकतो आहे की नाही, हे मुलांच्या बोलण्यातून कळते. वाक्ये लांबू लागली, ‘कारण’, ‘म्हणून’, ‘नाहीतर’ हे शब्द येऊ लागले की खेळाने काम केले असे समजावे. हाताच्या तयारीसाठीही वेगळी पेन्सिल लागत नाही. शेंगा सोलणे, मणी ओवणे, कणकेचे गोळे वळणे, कागद फाडून चिकटवणे यांत अंगठा आणि तर्जनी नेमके तेच काम करतात जे पुढे पेन्सिल धरताना लागते.

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही विचारात घेण्यासारखे आहेत. पहिला मारिया माँटेसरी यांच्या अनुभवाचा. रोममधील सॅन लोरेन्झो वस्तीत १९०७ साली सुरू झालेल्या त्यांच्या बालगृहात चार-पाच वर्षांची मुले लिहू लागली, मग आपल्याच मुलांना का थांबवायचे? याचे उत्तर असे की त्या मुलांना कोणी वहीत ओळी काढायला लावल्या नव्हत्या. आधी महिनोन्‌महिने साधनांनी हात तयार झाला, खरखरीत अक्षरांवरून बोट फिरवताना तोंडाने ध्वनी म्हटला गेला, आणि मग लेखन त्यांचे त्यांना सुचले. मूल चौथ्या वर्षी आपणहून अक्षरे विचारू लागले तर ती त्याला जरूर सांगावीत. माझा विरोध अक्षराला नाही, सर्वांना एकाच दिवशी एकच ओळ काढायला लावणाऱ्या कवायतीला आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या घरी पुस्तक नाही, आईवडील शिकलेले नाहीत, त्या मुलाने खेळतच राहायचे आणि सुखवस्तू घरातल्या मुलाने घरी सहज वाचायला शिकायचे, हा अन्याय नाही का? याचे उत्तर आपल्याच मातीत आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते कोसबाडला नेले, तेव्हा त्यांच्यापुढे पिढ्यान्‌पिढ्या शाळा न पाहिलेल्या घरांतलीच मुले होती. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडी पाड्यावर, अंगणात नेली. महागड्या साधनांऐवजी शिंपले, खडे, बिया, पाने वापरली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथलाच, पुढे १९७५च्या एकात्मिक बालविकास योजनेतून तो देशभर गेला. वंचित मुलाला कवायत लवकर हवी असा निष्कर्ष त्यांनी काढला नाही. त्याला अधिक बोलणे, अधिक गोष्टी आणि अधिक साहित्य हवे, असा काढला. लिपी पद्धतशीर, स्पष्टपणे आणि क्रमाने शिकवावी लागते, ती हवेतून येत नाही, हे मलाही मान्य आहे. ते काम पहिली-दुसरीचे आहे, आणि तिथे ते कसून व्हायला हवे.

मग सर्वांना हे ठाऊक असूनही वही सुटत का नाही? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तीन ते आठ हा एकच पायाभूत स्तर मानला आहे, आणि त्यासाठीच्या २०२२च्या आराखड्यात तीन ते सहा वयासाठी पाठ्यपुस्तक नसावे असे स्पष्ट म्हटले आहे. तरीही दप्तरात चार वह्या असतात. माझ्या मते याचे कारण शिक्षणशास्त्रात नाही, व्यवहारात आहे. पालक फी भरतात आणि भरलेली वही ही त्यांना मिळालेली पावती असते. दुकानाच्या खेळाची पावती मिळत नाही. मूल दिवसभरात काय शिकले हे वहीशिवाय दाखवण्याचा काही मार्ग शाळेने काढलेला नसतो, आणि शिक्षिकेला तर पालकसभेत वह्यांच्या गठ्ठ्याशिवाय उभे राहण्याची धास्तीच वाटते. वरून पहिलीचे वर्गशिक्षक ‘मुलाला लिहिता येतेच’ असे गृहीत धरून जूनमध्ये थेट शब्दांपासून सुरुवात करतात. ३१ डिसेंबरची वयोमर्यादा धरून शिशुवर्गात आलेले मूल जूनमध्ये अडीच वर्षांचेही असू शकते. त्याच्या हातात पेन्सिल देण्याचे मूळ पहिलीच्या या गृहीतकात आहे.

म्हणून सुरुवात पहिलीपासून व्हायला हवी. पहिलीच्या शिक्षकाने लिपी पहिल्या चिन्हापासून शिकवायची, आणि प्रवेशाच्या वेळी मुलाची अक्षरओळख तपासायची नाही, हे शाळेने लेखी जाहीर केले तर खालच्या दोन वर्गांवरचे निम्मे ओझे त्याच दिवशी उतरेल. आणि बालवाडीने वहीऐवजी दुसरी पावती द्यावी. वर सांगितलेल्या ताई पालकसभेत प्रत्येक मुलाच्या तीन याद्या ठेवत असत, जूनची, ऑक्टोबरची आणि फेब्रुवारीची, आणि खाली त्या दिवशी मूल बोललेले एक वाक्य तारखेसह. जूनच्या कागदावर नुसत्या गिरगिट्या असत. फेब्रुवारीच्या कागदावर वांग्याच्या चित्राशेजारी वेडावाकडा ‘व’ असे, आणि आई तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवताना मी पाहिली आहे.